दाढ काढल्यानंतरचे पहिले काही दिवस: रक्तस्राव आणि खाणेपिणे

प्रश्न: माझे वडील ६४ वर्षांचे आहेत. त्यांना मधुमेह आहे आणि हृदयासाठी ते रोज ॲस्पिरिन ७५ ची गोळी घेतात. परवा दुपारी चारला परळच्या क्लिनिकमध्ये त्यांची खालची दाढ काढायची आहे आणि लगेच लोकलने डोंबिवलीला घरी यायचे आहे. मागच्या वेळी रात्रभर थुंकीतून रक्त येत होते आणि हातात दिलेला सूचनांचा कागद इंग्रजीत होता. रक्त किती वेळ येणे साधारण समजावे, थांबले नाही तर घरी काय करावे आणि त्यांना खायला काय द्यावे?

उत्तर:

दाढ निघाल्यावर हाडात जो खळगा उरतो, तो काही मिनिटांत रक्ताने भरतो आणि ते रक्त गोठून त्याची गुठळी तयार होते. गुडघा खरचटल्यावर जशी खपली धरते, तसेच हे काम आहे. फरक एवढाच की ही गुठळी ओल्या तोंडात असते आणि पहिले २४ तास ती खळग्याला फार सैल चिकटलेली असते. ती जागेवर राहिली तर रक्त थांबते, आतले उघडे हाड झाकले जाते आणि पुढची भरून येण्याची क्रिया तिच्याच आधाराने होते. रक्तस्रावाविषयी आणि खाण्याविषयी पुढे जे लिहिते आहे, ते सगळे या गुठळीला धक्का न लागू देण्यासाठी आहे, हे मनात ठेवले तर प्रत्येक सूचना वेगळी पाठ करावी लागणार नाही.

परवाच्या आधी दोन गोष्टी करा. पहिली म्हणजे ॲस्पिरिनची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. तिचा परिणाम झालेल्या रक्तातील बिंबिका, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट पेशी, सात ते दहा दिवस टिकतात, त्यामुळे आदल्या दिवशीची एक गोळी चुकवून रक्तस्राव फारसा कमी होत नाही, मात्र हृदयाचा धोका वाढू शकतो. एका दाढेसाठी ॲस्पिरिन साधारणपणे चालूच ठेवतात आणि रक्त जागेवरच्या उपायांनी थांबवतात. दंतवैद्यांना ती गोळी आणि बाकीची सगळी औषधे चिठ्ठीवर लिहून दाखवा, म्हणजे ते गरजेप्रमाणे खळग्यात विरघळणारा स्पंज ठेवून वर टाके घालतील. ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारे दुसरे कोणतेही औषध चालू असेल, तर मात्र हृदयाच्या डॉक्टरांचे मत आधी घ्यावेच लागेल. दुसरी गोष्ट म्हणजे शक्य असेल तर दुपारी चारऐवजी सकाळची वेळ मागून घ्या. रक्ताचा त्रास व्हायचाच असेल तर तो बहुतेक वेळा पहिल्या काही तासांत दिसतो, आणि त्या वेळी क्लिनिक उघडे असणे हे डोंबिवलीहून रात्री परत निघण्यापेक्षा फार चांगले. सकाळी नाश्ता आणि मधुमेहाचे औषध नेहमीप्रमाणे घेऊनच जावे. फक्त जागेवरची भूल देऊन दाढ काढायची असेल तर उपाशी राहण्याची गरज नसते.

दाढ काढल्यावर डॉक्टर जखमेवर गॉजचा बोळा ठेवून तो चावून धरायला सांगतात. हा बोळा रक्त टिपण्यासाठी नसून दाब देण्यासाठी असतो, आणि हा फरक समजला नाही तर पुढचे सगळे बिघडते. तो ३० ते ४५ मिनिटे दात घट्ट मिटून, न बोलता, न हलवता धरायचा असतो. बोळा लाल झाला म्हणून पाच-पाच मिनिटांनी बदलला, तर दर वेळी नुकती धरू लागलेली गुठळी त्याच्याबरोबर उचलली जाते आणि रक्त पुन्हा पहिल्यापासून वाहू लागते. बाबांच्या बाबतीत माझा आग्रह असा राहील की हा पहिला पाऊण तास त्यांनी क्लिनिकच्या बाकावरच काढावा, डॉक्टरांनी जखम पुन्हा पाहावी आणि मगच तुम्ही स्टेशनकडे निघावे. गर्दीच्या लोकलमध्ये उभे राहून, धक्के खात, फोनवर घरच्यांशी बोलत बोळा नीट दाबून धरता येत नाही. बोळा काढताना तो कोरडा वाटला तर थोड्या थंड पाण्याने ओला करावा आणि हळूच बाजूला सरकवून काढावा; वर ओढू नये. बोळा तोंडात ठेवून खाऊ नये आणि झोपू तर मुळीच नये, कारण झोपेत तो घशाकडे सरकू शकतो.

प्रवासात आणि घरी आल्यावर लाळ गिळत राहावी. आपल्याकडे रक्त पोटात जाऊ नये म्हणून थुंकण्याची फार सवय आहे, परंतु थुंकताना तोंडात जी ओढ निर्माण होते ती गुठळी सैल करते. लाळेबरोबर थोडे रक्त पोटात गेले तर अपाय होत नाही. फार गेले तर मळमळ होते एवढेच, आणि इतके रक्त येत असेल तर थुंकण्यापेक्षा दाब देण्याची गरज असते.

आता साधारण काय असते ते सांगते. पहिले बारा ते चोवीस तास लाळ गुलाबी किंवा लालसर दिसणे आणि सकाळी उशीवर फिकट लाल डाग असणे अपेक्षितच आहे, आणि ॲस्पिरिन घेणाऱ्या माणसात हे थोडे अधिक वेळ चालते. तोंडभर लाळेत दोन-चार थेंब रक्त मिसळले तरी सगळे लाल दिसते, त्यामुळे रंगावरून अंदाज बांधू नये. अंदाज बांधायचा तो असा: लाळ गिळल्यावर तोंड पुन्हा किती लवकर भरते ते पाहावे. मिनिटभरात तोंडात जाड, गडद लाल रक्त साठत असेल किंवा खळग्यातून काळपट, लिबलिबीत गोळा बाहेर लोंबत असेल, तर तो पाझर राहिलेला नाही, तो रक्तस्राव आहे.

संध्याकाळी रक्त पुन्हा सुरू होण्याचे एक कारण बऱ्याच जणांना कोणी सांगत नाही. भुलेच्या इंजेक्शनमध्ये बहुधा ॲड्रेनालिन मिसळलेले असते. ते तेथील रक्तवाहिन्या आकसून धरते, म्हणून क्लिनिकमधून निघताना जखम अगदी कोरडी दिसते. दोन-तीन तासांनी त्याचा असर उतरतो, रक्तवाहिन्या पुन्हा रुंदावतात आणि नेमक्या त्याच वेळी माणूस घरी पोचून गरम चहा घेतो.

कळव्याला राहणाऱ्या माझ्या एका रुग्णाचे असेच झाले होते. त्यांना रक्त पातळ करणारी कोणतीही गोळी चालू नव्हती आणि दाढही सहज निघाली होती. संध्याकाळी निघाल्यावर त्यांनी गाडीत दोन-तीन वेळा बोळा बदलला, सबंध वाट पिशवीत थुंकत गेले, स्टेशनबाहेर नळीने शहाळ्याचे पाणी प्यायले आणि घरी कपभर गरम चहा घेतला. रात्री साडेदहाला त्यांच्या पत्नीचा फोन आला की तोंड सारखे रक्ताने भरते आहे आणि चूळ भरभरून ते थकले आहेत. मी त्यांना सर्वांत आधी चुळा थांबवायला सांगितल्या आणि खुर्चीत ताठ बसायला सांगितले, कारण आडवे पडल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो. मग एकदाच थंड पाण्याचा घोट तोंडात धरून, जोर न लावता, तो बेसिनमध्ये गळू द्यायला सांगितला, म्हणजे रक्त नेमके कुठून येते ते दिसावे. खळग्याच्या वर एक काळपट, मऊ गोळा तरंगत होता. असा गोळा ही नीट धरलेली गुठळी नसते. तो काढला नाही तर त्याच्यावर कितीही दाब दिला तरी तो खालच्या जखमेपर्यंत पोचत नाही. ओल्या गॉजने तो वरचा लोंबता भाग हलकेच पुसून काढायला सांगितला, खळग्यात मात्र बोट किंवा काडी घालू दिली नाही.

त्यानंतर गॉजचा तुकडा घडी घालून असा जाड केला की दात मिटल्यावर तो जखमेवर खरोखर दाबला जावा. हे महत्त्वाचे आहे, कारण दाढ निघालेल्या जागी पोकळी असते आणि पातळ बोळा शेजारच्या दातांमध्येच अडकून राहतो; जखमेवर काहीच दाब येत नाही. तो थंड पाण्यात ओला करून पिळला, बरोबर जखमेवर ठेवला आणि घड्याळ लावून ३० मिनिटे चावून धरला. मध्ये उघडून पाहायचे नाही, अशी सक्त ताकीद दिली. अर्ध्या तासाने फक्त लाळ गुलाबी होती. त्या रात्री ते दोन उशांवर डोके उंच ठेवून झोपले, आणि दुसऱ्या दिवशी पाहिले तेव्हा गुठळी नीट धरलेली होती. टाका घालण्याचीही गरज पडली नाही.

बाबांना रात्री रक्त आले तर याच क्रमाने करा. ॲस्पिरिनमुळे अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास धरावे लागेल, एवढाच फरक. घरातला गॉज संपला असेल तर स्वच्छ सुती रुमालाची जाड घडी चालते, किंवा साध्या काळ्या चहाची डिप करायची पिशवी थंड पाण्यात भिजवून, पिळून चावून धरता येते. तिच्यातील टॅनिन रक्त थांबायला मदत करते. सुटा कापूस वापरू नये, त्याचे तंतू गुठळीला चिकटतात. हळद, तुरटी, मिश्री, लवंगेचे तेल किंवा कुटलेली गोळी खळग्यात भरू नये. हे उपाय घरोघरी प्रेमाने सुचवले जातात, परंतु त्यांनी हिरडी भाजते किंवा खळगा दूषित होतो, आणि मग आत काय चालले आहे ते आम्हालाही दिसत नाही.

दोन वेळा नीट दाब देऊनही रक्त वाहतच राहिले तर आणखी प्रयोग करत बसू नका. दंतवैद्यांना फोन करा, आणि ते भेटत नसतील तर रात्रीच्या रात्री जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. मुंबईत असाल तर केईएम, सायन किंवा नायरमध्ये जाता येईल. चक्कर येणे, अंगाला गार घाम सुटणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होणे, जिभेखाली अथवा जबड्याखाली सूज वाढत जाणे, यांपैकी काहीही दिसले तर दाब देण्याचा अर्धा तासही न थांबता १०८ ला फोन करावा. कोणत्या वेळी किती गोळ्या घेतल्या ते लिहिलेला कागद बरोबर न्यावा.

खाण्याबद्दल. खालच्या दाढेच्या भुलेने अर्धा ओठ, जीभ आणि हनुवटी दोन ते चार तास बधिर राहते. तोवर काही चावून खाऊ नये. गाल चावला गेला तरी समजत नाही आणि गरम पदार्थाचा चटकाही जाणवत नाही. तथापि मधुमेह असलेल्या माणसाला चार तास रिकाम्या पोटी ठेवणे बरोबर नाही, विशेषतः ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर. बोळा काढल्यावर थोड्या वेळाने गार दूध किंवा ताक पेल्यातून घोट-घोट द्यावे. नळी, स्ट्रॉ किंवा बाटलीला तोंड लावून ओढणे दोन दिवस टाळावे; शहाळे हवेच असेल तर पेल्यात ओतून घ्यावे. बाबांना थरथर, घाम किंवा एकदम गळून गेल्यासारखे वाटले तर साखर मोजून पाहावी आणि ती ७० च्या खाली असेल, किंवा मोजायचे यंत्र हाताशी नसेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायला द्यावी. अशा वेळी दाढेच्या नियमांपेक्षा साखर आधी.

पहिल्या दिवशी सगळे गार किंवा कोमट आणि दात न लावता गिळता येईल असे हवे. गार दहीभात चांगला मऊ कालवून, कोमट मुगाची पातळ खिचडी, नाचणीची आंबील, वरणाचे पाणी घातलेला गुरगुट्या भात, कुस्करलेले केळे, हे सगळे चालते. दाढ काढल्यावर आईस्क्रीम खायला मिळते असा लहान मुलांना आनंद असतो, पण बाबांसाठी ते गरजेचे नाही. गार साय काढलेल्या दह्याने तेच काम होते आणि साखर वाढत नाही. आंबील किंवा ताकाने पोट भरते, परंतु प्रथिने कमी पडतात, म्हणून दुसऱ्या दिवसापासून मऊ अंडाभुर्जी, कुस्करलेले पनीर किंवा घोटलेले वरण जोडावे. दुसऱ्या बाजूने चावावे, हे वेगळे सांगायला नकोच.

काय देऊ नये यात सर्वांत वर चिवडा, फरसाण, शेंगदाणे आणि तीळ येतात. ते तिखट किंवा कडक असतात म्हणूनच नव्हे; त्यांचे बारीक तुकडे खळग्यात जाऊन बसतात आणि मग माणूस काडीने कोरून गुठळीच बाहेर काढतो. त्याच कारणाने खिचडीत मोहरी-जिऱ्याची फोडणी त्या दोन-तीन दिवसांत घालू नये. वडापाव, मिसळ आणि कडक भाकरी आठवडाभर लांबवावी. वाफाळता चहा पहिल्या दिवशी नाही. कोमट करून दुसऱ्या दिवसापासून चालेल. दारू, सिगारेट, तंबाखू, मिश्री आणि सुपारी किमान तीन दिवस, आणि जमल्यास आठवडाभर बंद ठेवावी. धूर ओढताना होणारी ओढ आणि निकोटिनमुळे आकसणाऱ्या रक्तवाहिन्या, दोन्ही गुठळीला मारक आहेत.

दुखण्यासाठी बाबांना पॅरासिटामॉल ६५० ची गोळी भूल पूर्ण उतरण्याआधीच, थोडे खाल्ल्यावर द्यावी. यकृताचा आजार नसेल तर ती सहा ते आठ तासांच्या अंतराने, दिवसात जास्तीत जास्त चार घेता येते. दुखते म्हणून जादा ॲस्पिरिन देऊ नये, आणि आयब्युप्रोफेनसारखी गोळी ॲस्पिरिन चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ती रोजच्या ॲस्पिरिनच्या कामात अडथळा आणते आणि पोटातील रक्तस्रावाचा धोकाही वाढवते.

चोवीस तास पूर्ण झाल्यावर, त्याआधी नाही, पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर आणि झोपताना तोंड धुवावे. खळखळून चूळ भरायची नाही. पाणी तोंडात घेऊन मान एका बाजूने दुसऱ्या बाजूला हलवायची आणि ते गळू द्यायचे. बाकीचे दात पहिल्या रात्रीही मऊ ब्रशने घासता येतात, फक्त जखमेपासून लांबून, आणि पेस्टचा फेस थुंकायचा नाही, ओघळू द्यायचा.

तिसऱ्या दिवशी आरशात पाहिल्यावर खळग्यावर पांढरट-पिवळसर थर दिसेल. पुष्कळ लोक तो पू किंवा अडकलेला भात समजून खरवडतात. तो बरा होत असलेल्या जखमेचा थर असतो आणि त्याला हात लावायचा नसतो. त्याच सुमारास एक दुसरी गोष्ट घडू शकते, जिच्याकडे दुर्लक्ष करू नये: पहिल्या दोन दिवसांत कमी होत आलेले दुखणे तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम वाढते, कानापर्यंत ठणका जातो, तोंडाला घाण वास येतो आणि गोळीने आराम पडत नाही. याचा अर्थ बहुधा गुठळी निघून हाड उघडे पडले आहे. खालच्या दाढांमध्ये आणि धूम्रपान करणाऱ्यांमध्ये हे अधिक दिसते. यावर प्रतिजैविकाची गोळी आणून घेणे हा उपाय नाही. खळगा धुऊन त्यात औषधाची पट्टी ठेवावी लागते, आणि पट्टी ठेवल्यावर बहुतेकांना त्याच दिवशी बरेच हलके वाटते. त्याउलट ताप, वाढती सूज किंवा तोंड उघडायला त्रास ही जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत, आणि आठवड्याभराने पुन्हा रक्त येऊ लागले तर त्यामागेही बऱ्याचदा संसर्गच असतो. बाबांची साखर वाढलेली राहत असेल तर या काळात ती रोज तपासावी.

परवा क्लिनिकमधून निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून तीन गोष्टी मागून घ्या: गॉजच्या आठ-दहा घड्या, टाके विरघळणारे आहेत की काढायला यायचे आहे याचे उत्तर, आणि रात्री खरोखर उचलला जाईल असा फोन नंबर.